शेतकरी किती हा प्रश्न नंतरचा, आधी गावे किती: अवलंबाच्या प्रयोगासाठी पॉवर आणि नमुना कसा ठरवायचा

शेतकऱ्यांमध्ये एखादे तंत्र रुजते का हे तपासायला निघालेल्या बहुतेक प्रस्तावांत एक वाक्य ठरलेले असते: ‘एकूण 600 शेतकऱ्यांची निवड करण्यात येईल.’ हे 600 आले कुठून, असे विचारले की बजेटकडे बोट दाखवले जाते. बजेटमधून आकडा येण्यात गैर काही नाही. फक्त त्या 600 मध्ये आपल्याला नेमका किती फरक दिसू शकेल, हे गावात पाऊल टाकण्याआधी माहीत हवे. तेवढ्यासाठीच पॉवरचे गणित करायचे.

पूर्ण लेखभर एकच उदाहरण घेऊ. पेरणीपूर्वीची बीजप्रक्रिया शेतकऱ्यांनी करावी म्हणून आपण गावात प्रशिक्षण आणि प्रात्यक्षिक ठेवणार आहोत. काही गावांना हे मिळेल, काहींना नाही. कोणाला मिळेल ते चिठ्ठी टाकून ठरेल. पुढच्या हंगामात प्रत्येक शेतकऱ्याला विचारायचे: यंदा बियाण्याला प्रक्रिया केली का? उत्तर हो किंवा नाही.

चिठ्ठी गावांची टाकायची, शेतकऱ्यांची नाही. एकाच गावात अर्ध्यांना शिकवले आणि अर्ध्यांना वगळले, तर चार दिवसांत बांधावरच्या गप्पांत सगळे सगळ्यांना कळते आणि तुलना तिथेच संपते. हा निर्णय बरोबर आहे, पण महाग आहे. किती महाग, ते पुढे येईलच.

पहिली पायरी: किती फरक दिसायला हवा?

पॉवर म्हणजे खरोखर फरक असताना आपल्या अभ्यासाला तो सापडण्याची शक्यता. प्रथेप्रमाणे ती 80 टक्के ठेवतात, आणि नसलेला फरक ‘आहे’ म्हणण्याची जोखीम 5 टक्के. हे दोन आकडे सहसा कोणी बदलत नाही, त्यामुळे त्यांच्यावर वेळ घालवू नका. वेळ घालवायचा तो ‘किती फरक’ या आकड्यावर.

इथे दोन चुका नेहमी दिसतात. एक, आधीच्या एखाद्या छापील अभ्यासातला परिणाम जसाच्या तसा उचलायचा. छापून येतात ते बहुधा मोठे परिणाम, आणि लहान नमुन्यातून ‘सिद्ध’ झालेला परिणाम खऱ्यापेक्षा फुगलेला असण्याची शक्यता बरीच असते. दोन, परवडणाऱ्या नमुन्यात जेवढा फरक दिसेल तेवढाच ‘अपेक्षित’ म्हणून लिहायचा. हे उलटे गणित आहे आणि जाणकार परीक्षक ते पहिल्याच पानावर ओळखतो.

खरा प्रश्न कार्यक्रम चालवणाऱ्यांना विचारायचा: अवलंब किती वाढला नाही तर तुम्ही हे प्रशिक्षण बंद कराल? आपल्या उदाहरणात सध्या 15 टक्के शेतकरी बीजप्रक्रिया करतात. चालवणारे म्हणतात, निदान 25 टक्क्यांपर्यंत जायला हवे, त्याखाली खर्च निघत नाही. म्हणजे 10 टक्केबिंदूंचा फरक. ‘10 टक्के वाढ’ असे मात्र लिहू नका. 15 वर 10 टक्के वाढ म्हणजे 16.5, आणि तो फरक पकडायचा तर सगळे गणितच वेगळे होईल.

दुसरी पायरी: गाव विसरून केलेले गणित

आधी समजू की प्रत्येक शेतकरी स्वतंत्र आहे. p0 म्हणजे सध्याचा अवलंब, 0.15; p1 म्हणजे हवा असलेला, 0.25. पुढचे 1.96 आणि 0.842 हे 5 टक्के जोखीम आणि 80 टक्के पॉवर यांच्यासाठीचे ठरलेले आकडे. प्रत्येक गटात लागणारे शेतकरी n असे निघतात:

```
n = (1.96 + 0.842)^2 * [p0(1-p0) + p1(1-p1)] / (p1-p0)^2
  = 7.85 * (0.1275 + 0.1875) / 0.01
  = 247.3, म्हणजे 248
```

खालचा छेद पाहा. तिथे फरकाचा वर्ग आहे. फरक निम्मा केला की नमुना साधारण चौपट होतो. पुढे जे जे काही या फरकाला कुरतडेल, ते असेच वर्गाने अंगावर येईल.

दोन्ही गट मिळून 496 शेतकरी. मग 600 पुरेसे झाले की! अनेक प्रस्ताव इथेच थांबतात.

तिसरी पायरी: एका गावातले शेतकरी एकमेकांसारखे असतात

एका गावातल्या शेतकऱ्यांची जमीन सारखी, पाण्याची सोय सारखी, निविष्ठा विकणारा दुकानदार एकच. त्यात शेजाऱ्याचे बघून करण्याची सवय. त्यामुळे पंधराव्या शेतकऱ्याशी बोलून जी नवी माहिती मिळते, ती पहिल्याच्या मानाने बरीच कमी असते. हे साधर्म्य मोजणाऱ्या आकड्याला गावांतर्गत सहसंबंध म्हणतात. बोलताना सगळे आयसीसीच म्हणतात, मीही तेच म्हणेन. तो 0 असेल तर गावाचा काही संबंध नाही. 1 असेल तर एका शेतकऱ्याला विचारले की अख्खे गाव कळले.

नमुना किती पटीने वाढवायचा हे सांगणाऱ्या गुणकाला डिझाइन इफेक्ट म्हणतात. सर्वेक्षणाच्या जगात ही कल्पना रुळवली लेस्ली किश यांनी, 1960 च्या दशकात. सूत्र छोटे आहे:

```
DE = 1 + (m - 1) * rho
```

m म्हणजे प्रत्येक गावातले शेतकरी, rho म्हणजे आयसीसी. गावात 15 शेतकरी आणि आयसीसी 0.15 धरला, तर DE = 1 + 14 × 0.15 = 3.1. मग 248 चे झाले 769, आणि 15 ने भागले की प्रत्येक गटात 52 गावे. एकूण 104 गावे, 1560 शेतकरी. मघाचे 600 कुठल्या कुठे राहिले.

आता कोणीतरी हमखास म्हणते, ‘एवढी गावे झेपणार नाहीत, त्यापेक्षा प्रत्येक गावात जास्त शेतकरी घेऊ.’ घेऊन पाहा. गावात 15 ऐवजी 30 घेतले तर लागणारी गावे 52 वरून 45 वर येतात, पण शेतकरी 1560 वरून 2700 होतात. उलट 8 घेतले तर गावे 64 लागतात आणि शेतकरी उरतात 1024. गावातले शेतकरी कितीही वाढवले तरी लागणारी गावे एका मर्यादेखाली जात नाहीत. ती मर्यादा म्हणजे 248 × 0.15, सुमारे 37. प्रत्येक गटात 37 पेक्षा कमी गावे असतील, तर गावातल्या प्रत्येक माणसाची मुलाखत घेतली तरी 80 टक्के पॉवर मिळणार नाही. प्रकल्पाच्या पहिल्या बैठकीत मी हाच आकडा फळ्यावर लिहितो. त्याने बरीच चर्चा वाचते.

नव्या तंत्राच्या प्रसारावरचे मोठे प्रयोग शेकडो गावांत का होतात, तेही इथे कळते. मलावीत खड्डे करून पेरणी करण्याच्या पद्धतीचा प्रसार तपासताना संशोधकांनी 200 गावे घेतली होती, आणि प्रत्येक गावात प्रशिक्षण दिले ते फक्त दोन शेतकऱ्यांना.

चौथी पायरी: आयसीसी आणायचा कुठून?

सगळ्या गणितात सर्वांत निसटता आकडा हाच. पुस्तकात 0.05 दिसतो म्हणून 0.05 लिहिणारे पुष्कळ आहेत. 0.05 धरला तर प्रत्येक गटात 29 गावे पुरतात, 0.25 धरला तर 75 लागतात. एका अंदाजावर दुपटीहून जास्त फरक.

स्वतःच्या हातातली माहिती वापरणे उत्तम. समजा पाहणीत 8 गावांत प्रत्येकी 15 शेतकऱ्यांना विचारले आणि बीजप्रक्रिया करणारे असे निघाले: 0, 0, 1, 1, 2, 3, 4, 7. एकूण 120 पैकी 18, म्हणजे 15 टक्के. गावागावांतला वर्ग-मध्यमान 0.376, गावाच्या आतला 0.113.

```
rho = (0.376 - 0.113) / (0.376 + 14 * 0.113) = 0.13
```

छान, 0.13. आता शेवटचे, 7 वाले गाव काढून उरलेल्या सात गावांवर हेच गणित करा. उत्तर येते 0.04. एक गाव यादीत पडले की नाही, एवढ्यावर आकडा तिप्पट बदलतो. आठ-दहा गावांच्या पाहणीतून आलेल्या आयसीसीवर म्हणूनच विश्वास टाकू नये. जुन्या सर्वेक्षणाची पन्नासेक गावांची माहिती मिळत असेल, प्रश्न थोडा वेगळा असला तरी, ती जास्त कामाची.

काहीच हाताशी नसेल, तर उलटीकडून विचार करता येतो. गावागावांतल्या अवलंबाचे प्रमाण विचलन म्हणजे `sqrt(rho * p * (1-p))`. सरासरी 15 टक्के आणि आयसीसी 0.15 असेल तर हे येते सुमारे 14 टक्केबिंदू. आता त्या भागात वर्षानुवर्षे फिरलेल्या कार्यकर्त्याला विचारा: ‘गावागणिक किती फरक पडतो? एखाद्या गावात कोणीच करत नाही आणि दुसऱ्यात निम्मे करतात, असे आहे का?’ तो म्हणाला, ‘छे, सगळीकडे दहा-वीस टक्केच,’ तर 0.15 जास्त झाला. तो म्हणाला, ‘काही गावांत शून्य, पण अमुक दोन गावांत जवळजवळ सगळे,’ तर 0.15 सुद्धा कमी पडेल.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. आयसीसी आपण प्रशिक्षणाआधीच्या माहितीवरून काढतो, पण प्रशिक्षणच तो वाढवू शकते. काही गावांत पहिले चार शेतकरी सुरू करतात आणि बघता बघता गाव मागे येते. काही गावांत प्रात्यक्षिकाचा वाफाच नीट उगवत नाही आणि विषय तिथेच संपतो. मधली गावे कमी, टोकाची जास्त. त्यामुळे मिळालेल्या अंदाजाच्या वरच्या बाजूचा आकडा घ्यावा. आपल्या उदाहरणात 0.13 वरून 0.15 केला तो याच कारणाने, आणि खरे सांगायचे तर तोही थोडा आशावादीच आहे.

पाचवी पायरी: बोलावले किती, आले किती

माझ्या हातून सर्वांत महागात पडलेली चूक इथली आहे. एका प्रयोगात आम्ही फरक धरला होता प्रशिक्षण घेतलेल्या शेतकऱ्यांचा, आणि तुलना केली गावांच्या पूर्ण यादीची. यादीतले जेमतेम निम्मे लोक प्रशिक्षणाला आले होते, कारण सत्राची तारीख ऐन खुरपणीत ठरली होती. निकाल ‘फरक आढळला नाही’ असा आला. आले होते त्यांच्यात फरक पडलाही असेल, पण आमच्या नमुन्यात तो दिसण्याची सोयच नव्हती.

तुलना नेहमी चिठ्ठीने ठरलेल्या पूर्ण गटांची करायची, फक्त आलेल्यांची नाही. आलेले शेतकरी मुळातच उत्साही असतात. त्यांना वेगळे काढले की चिठ्ठी टाकण्याचा अर्थच उरत नाही. म्हणून 10 टक्केबिंदू हा आलेल्यांमधला परिणाम असेल आणि 60 टक्केच येणार असतील, तर गटागटांत दिसणारा फरक उरतो 6. दुसऱ्या पायरीचे सूत्र पुन्हा चालवा: 248 ऐवजी 640 शेतकरी. त्याला 3.1 ने गुणून 15 ने भागा: प्रत्येक गटात 133 गावे.

याच्या उलट, प्रशिक्षण बांधावर नेले, वेळ शेतकऱ्यांना विचारून ठरवली आणि हजेरी 85 टक्क्यांवर नेली, तर दिसणारा फरक 8.5 होतो आणि गावे 70 वर येतात. म्हणजे हजेरी वाढवायला लागणारा खर्च आणि 63 जादा गावांत (दोन गट धरून 126) फिरायचा खर्च, यांची तुलना करा. हजेरीचा खर्च बहुधा स्वस्त पडतो. पॉवर वाढवायची म्हटले की सगळ्यांना नमुना वाढवणे सुचते, कार्यक्रम नीट राबवणे सुचत नाही.

फरक कुरतडणारे आणखी दोघे आहेत. नियंत्रण गटातल्या गावांत बातमी पोहोचली आणि तिथला अवलंब 15 वरून 18 झाला, तर फरकातले 3 बिंदू तिथेच गेले. म्हणून एकच दुकानदार किंवा एकच पाणवाटप असलेली जोडगावे एका गठ्ठ्यात धरून चिठ्ठी टाकावी. दुसरे म्हणजे चुकीची उत्तरे. न करणाऱ्यांपैकी 5 टक्के ‘केली’ म्हणाले आणि करणाऱ्यांपैकी 10 टक्के ‘नाही’ म्हणाले, तर फरकाला 0.85 ने गुणावे लागते. ‘कोणते औषध, किती बियाण्याला किती, रिकामे पाकीट आहे का’ हे तीन प्रश्न जोडले की यातला बराच भाग भरून येतो.

सहावी पायरी: गावे कमी कशी करायची

आता 70 वरून खाली यायचे आहे. चिठ्ठी टाकण्याआधी प्रत्येक गावातला सध्याचा अवलंब, ओलिताचे प्रमाण, बाजारापर्यंतचे अंतर अशी माहिती गोळा केली, सारख्या गावांचे गट पाडून त्या-त्या गटात चिठ्ठी टाकली आणि विश्लेषणात हीच माहिती घेतली, तर गावागावांतला काही फरक आधीच समजावून झालेला असतो. गावपातळीवरच्या फरकातला 30 टक्के भाग असा निघून गेला, तर हिशेब असा:

```
गावे = 334 * [0.15 * (1 - 0.30) + 0.85 / 15] = 54
```

334 हा आकडा 8.5 बिंदूंच्या फरकासाठी गाव विसरून काढलेला नमुना आहे, आणि 0.85 म्हणजे 1 मधून आयसीसी वजा केल्यावर उरलेला, गावाच्या आतला भाग. 70 वरून 54. तंत्र अगदी नवे असेल, कोणीच वापरत नसेल, तर मात्र आधीच्या अवलंबाचा काही उपयोग नाही. सगळीकडे शून्यच असते. तेव्हा दुसऱ्या एखाद्या तंत्राचा गावातला अवलंब पाहावा.

यात प्रत्येक गटाला एक गाव गावांच्या मर्यादित संख्येपोटी आणि दोन-तीन गावे गळतीपोटी जोडा: 58, दोन्ही गटांत मिळून 116. गळतीबद्दल एक गंमत आहे. प्रत्येक गावातले 10 टक्के शेतकरी शेवटी भेटले नाहीत, तर गावांची गरज दोन-तीनानेच वाढते. पण दोन गावांनी दारच बंद केले, तर ती दोन गावे पूर्ण गेली. सुटलेल्या शेतकऱ्यांची काळजी करायची ती वेगळ्या कारणासाठी: एका गटातून जास्त सुटले तर निकाल एका बाजूला झुकतो, आणि ते नमुना वाढवून दुरुस्त होत नाही.

सातवी पायरी: संगणकावर एकदा खेळून पाहा

सूत्रे अंदाजे असतात. खालचा आर भाषेतला तुकडा खोटी गावे तयार करतो, गावांच्या सरासऱ्यांची तुलना करतो आणि हजारदा ते करून किती वेळा फरक सापडला ते सांगतो.

```r
takad <- function(k, m, p0, p1, rho, reps = 1000) {
  s <- (1 - rho) / rho
  gav <- function(p) rbinom(k, m, rbeta(k, p*s, (1-p)*s)) / m
  mean(replicate(reps,
    t.test(gav(p0), gav(p1))$p.value < 0.05))
}
takad(k = 52, m = 15, p0 = 0.15, p1 = 0.25, rho = 0.15)
```

उत्तर 0.80 च्या आसपास यायला हवे. `p1` ला `p0` इतकेच करून पुन्हा चालवा: 0.05 च्या आसपास आले नाही, तर कोडमध्ये किंवा चाचणीत गडबड आहे. मग `rho` 0.05 ते 0.25 आणि `p1` 0.20 ते 0.28 असे फिरवून तक्ता करा. प्रस्तावात एक आकडा देण्यापेक्षा हा तक्ता द्यावा.

आणि उत्पन्नाचे काय?

निधी देणारा विचारतोच: ‘अवलंब ठीक, पण उत्पन्न वाढले का?’ तेही याच नमुन्यात दाखवू, असे कबूल करण्याआधी पाच मिनिटे हिशेब करा. बीजप्रक्रियेने करणाऱ्याचे उत्पन्न 10 टक्के वाढते असे धरू. अवलंब 10 टक्केबिंदूंनीच वाढला, तर गटाची सरासरी वाढते 1 टक्का. शेताशेतांत उत्पन्नाचे विचलन सरासरीच्या 40 टक्के असले, तर गाव विसरूनही प्रत्येक गटात 2 × 7.85 × 40², म्हणजे 25,000 च्या वर शेतकरी लागतात. या प्रयोगात ते होणार नाही, हे लेखी सांगून टाकावे. उत्पन्न मोजायचेच असेल तर वेगळा प्रयोग हवा, ज्यात शेतकऱ्याला तयार प्रक्रिया केलेले बियाणेच दिले जाते आणि अवलंबाचा प्रश्न उरत नाही.

गावे 116 परवडत नसतील तर

समजा हातात 60 गावे आहेत, गटाला 30. मग प्रश्न फिरवा: एवढ्यात किती फरक दिसेल? सहाव्या पायरीतली गटवारी न करता, आयसीसी 0.15 आणि गावात 15 शेतकरी धरून 80 टक्के पॉवरने सुमारे 14 टक्केबिंदू. 10 बिंदूंचा खरा फरक असला तर तो सापडण्याची शक्यता जेमतेम निम्म्याहून थोडी जास्त. कार्यक्रम चालवणाऱ्यांसमोर हे ठेवून विचारायचे: हजेरी आणि पाठपुरावा वाढवून, सोबत औषधाचे पाकीट देऊन परिणाम 14 वर जाईल असे तुम्हाला वाटते का? ‘हो’ म्हणाले तर तो जोरकस कार्यक्रमच तपासा, आणि शेतकऱ्यांच्या यादीआधी गावांची यादी बंद करा: 60 गावे, वर चार राखीव, कोणते गाव कशामुळे बदलले जाईल याचा नियम चिठ्ठी टाकण्यापूर्वी लिहून. ‘नाही’ म्हणाले, तर या हंगामात प्रयोग न करता गावे आणि आयसीसी यांची नीट पाहणी करून पुढच्या हंगामाची तयारी करावी.